मंडळाच्या किल्ल्या परत करताना

अमेरिकेतल्या मराठी मंडळांमध्ये मे-जून हे निरोपाचे महिने असतात. तिथल्या शाळा मेअखेरीस किंवा जूनमध्ये संपतात आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. मुलं लहान असताना कायमचं परत जायचं ठरवलेल्या कुटुंबाला सोयीची फट मिळते ती एवढीच. मंडळाची अडचण अशी, की गणेशोत्सवाच्या तयारीलाही याच सुमारास हात घातला जातो. हॉल ठरलेला असतो, नाटकाच्या तालमी सुरू व्हायच्या असतात, स्वयंपाकाच्या याद्या निघायच्या असतात, आणि त्यातलं निम्मं काम जे घर वर्षानुवर्षं करत आलं, ते घर बॅगा भरत असतं.

परदेशात मराठी माणसं मंडळं काढत आली त्याला आता बराच काळ झाला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. अमेरिकेत १९६५च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपली माणसं संख्येनं जाऊ लागली, १९६९ साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं आणि १९८१ साली उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. त्या पहिल्या पिढीतले बरेच जण तिथेच स्थायिक झाले. नव्वदच्या दशकापासून मात्र संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर जाणाऱ्यांची रीघ लागली. एच-वन-बी व्हिसा आधी तीन वर्षांचा, मग आणखी तीन. ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू झाली तरच त्यापुढे वाढतो, आणि भारतीयांसाठी ती रांग फार लांब आहे. त्यामुळे आजच्या मंडळात कायमची माणसं आणि जाणारी-येणारी माणसं एकाच सतरंजीवर बसलेली असतात. कोणी ना कोणी परत जाणार, हे मंडळाच्या रोजच्या जगण्यात धरलेलंच असतं.

तरीही निरोप म्हटलं की आपल्याला समारंभ आठवतो. शाल, श्रीफळ, फोटो, दोन शब्द, डोळ्यांत पाणी. हे सगळं हवंच. पण मंडळाला ऑफिस नसतं, पगारी कारकून नसतो. ते कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये, गॅरेजमध्ये, फोनमध्ये आणि डोक्यात असतं. ते घर उठलं की मंडळाचा तेवढा भाग त्याच्याबरोबर उठतो. म्हणून जाणाऱ्या कुटुंबाचा खरा निरोप समारंभाच्या कितीतरी आधी सुरू होतो. हातातलं काम नीट दुसऱ्याच्या हातात देणं, हीच मंडळाबद्दलची सगळ्यात मोठी कृतज्ञता आहे असं मला मनापासून वाटतं. ते कसं करावं हे एका घरानं आम्हाला दाखवलं. मी तेव्हा कार्यकारिणीत होतो, म्हणून ते जवळून पाहता आलं.

मिडवेस्टमधलं मध्यम आकाराचं शहर आणि दीडएकशे कुटुंबांचं मंडळ. आम्ही सगळे त्या दोघांना दादा आणि वहिनीच म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. दादा खजिनदार. वहिनी रविवारच्या मराठी शाळेत शिकवायच्या आणि गणपतीच्या जेवणाची सूत्रं त्यांच्याकडे असायची. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. सांगलीला दादांच्या वडिलांची तब्येत ढासळत चालली होती आणि आईला एकटीला झेपत नव्हतं. परत जायचं ठरलं.

आधी दोघांना, मग सगळ्यांना

परत जायचं ठरलं तरी लोक शेवटपर्यंत बोलत नाहीत, आणि त्याला सबळ कारण असतं. अमेरिकेत नोकरी सोडताना दोन आठवड्यांची नोटीस द्यायची पद्धत आहे. त्याआधी बातमी फुटली तर बढती, बोनस, एखादं चांगलं काम हातचं जाऊ शकतं. मंडळात सहकाऱ्यांचे सहकारी असतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गोष्ट राहत नाही. शिवाय ‘अरे, पण नक्की का?’ या प्रश्नाला शंभर जणांपुढे उत्तर देण्याचं बळ त्या दिवसांत नसतं. पण मंडळाला दोन आठवडे पुरत नाहीत, सहा महिने लागतात.

दादा-वहिनींनी यातून सरळ वाट काढली. आमच्याकडे नवी कार्यकारिणी जानेवारीत निवडली जाते. डिसेंबरात त्यांनी अध्यक्षांना आणि सचिवांना घरी जेवायला बोलावलं आणि जूनमध्ये निघतोय, पण मे उजाडेपर्यंत हे तुमच्यातच राहू द्या, असं सांगितलं. त्यामुळे खजिनदारपदासाठी नाव सुचवताना अध्यक्षांनी आधीच दुसऱ्या माणसाशी बोलून ठेवलं आणि दादा जानेवारीपासून ‘सहखजिनदार’ म्हणून त्याच्या शेजारी बसले. बाहेरून पाहणाऱ्याला नेहमीचाच खांदेपालट वाटला. नव्या माणसाला मात्र संक्रांत आणि गुढीपाडवा हे दोन कार्यक्रम दादा हाताशी असताना करायला मिळाले. हिशेब शिकवून शिकता येतात. पण हॉलवाल्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, तिकिटं किती आधी विकायची, ऐन वेळी दारात आलेल्या वीस माणसांचं काय करायचं, हे कार्यक्रम चालू असतानाच कळतं.

आपलं कोणतं, मंडळाचं कोणतं

मार्चमध्ये एका शनिवारी आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये उतरलो. फायबरची गणेशमूर्ती, तिचं सुटं होणारं मखर, चौरंग, ढोल, ताशे, लेझीम, ध्वज, मोठी पातेली, झारे, मंडळाचा बॅनर, आणि पाच खोक्यांत भरलेलं वाचनालय. बारा-तेरा वर्षांत घरातलं आणि मंडळाचं सामान एकमेकांत पार मिसळून गेलं होतं. वहिनींनी प्रत्येक वस्तूचा फोटो काढून यादीत लिहिलं: काय आहे, कोणाचं आहे, काय अवस्थेत आहे, आता कुठे जाणार. साध्या चार रकान्यांची यादी.

त्या यादीत मोठी पितळी समई आली आणि सगळे थबकले. दरवर्षी गणपतीपुढे तीच लागायची, त्यामुळे ती मंडळाची हे सर्वांनी गृहीतच धरलं होतं. ती वहिनींच्या आईची होती. मंडळाला देऊन टाकावी, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, पण ती माहेरची खूण होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “समई मी नेतेय. पुढच्या वर्षी कोणी शोधत बसू नका, आत्ताच नवी घ्या.” हे बोलणं अवघड होतं, कारण अशा वेळी देऊन टाकणं सोपं आणि मागून घेणं संकोचाचं वाटतं. पण न बोलता नेली असती तर सप्टेंबरात कुजबुज झाली असती, आणि संकोचानं ठेवली असती तर त्यांना ती आयुष्यभर आठवली असती. उलट, त्यांच्या पैशानं घेतलेली दोन मोठी पातेली मंडळाला दिल्याची नोंदही त्याच यादीत आली.

सामान कुठे ठेवायचं हा पुढचा प्रश्न. दुसऱ्या कोणाच्या बेसमेंटमध्ये ठेवलं तर काही वर्षांनी तेही घर उठणार. म्हणून पातेली, ढोल आणि पुस्तकांसाठी महिन्याच्या भाड्यानं एक छोटी स्टोरेजची खोली घेतली, तापमान आणि ओल आटोक्यात ठेवणारी. साध्या खोलीचं भाडं कमी असतं, पण मिडवेस्टच्या दमट उन्हाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते आणि ढोलांचं लाकूड फुगतं. दादांनी नव्या मुलांना बसवून दाखवलं की उत्सव संपला की ढोलाच्या दोऱ्या सैल करून ठेवायच्या. ताणलेला ढोल वर्षभर ठेवला तर पान आणि कडी दोन्हींवर ओढ राहते आणि पुढच्या वर्षी आवाज बसतो.

मूर्तीच्या बाबतीत मात्र एकमत झटक्यात झालं. बाप्पा भाड्याच्या खोलीत कुलूपबंद राहणार नाहीत. कोरडं बेसमेंट, रुंद जिना आणि पुढची काही वर्षं गावात राहण्याची खात्री, असं पाहून घर ठरलं. मूर्तीपुढे नारळ ठेवून, अक्षता वाहून, घोंगडीत गुंडाळून ती हलवली. मखराच्या प्रत्येक फळीला मागून क्रमांक घातले. आधी ते जुळवण्याचा क्रम फक्त दादांना माहीत होता.

बंद होणारा फोन नंबर

निरोपाच्या गडबडीत सगळ्यात सहज निसटणारी आणि मंडळाला सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट म्हणजे खजिनदाराचा फोन. बँकेत लॉगिन करताना येणारा ओटीपी त्याच्या नंबरवर येतो. तिकिटांचे पैसे ज्या अ‍ॅपवर जमा होतात ते त्याच्या नंबराला जोडलेलं असतं. मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड हरवला तर तो परत मिळवण्याचा मार्गही तोच नंबर. माणूस विमानात बसतो, महिन्याभरात अमेरिकेतला नंबर बंद करतो, आणि मंडळ स्वतःच्याच खात्याबाहेर राहतं. काही काळानं तोच नंबर फोन कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, म्हणजे मंडळाचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

दादांनी यासाठी वेगळा कागद केला. मंडळाचं प्रत्येक खातं कोणत्या ईमेलवर आहे, कोणत्या नंबराला जोडलंय, आणि त्याचे पैसे कोणाच्या कार्डातून जातात. तो कागद पाहूनच आम्हाला कळलं की आमचं मंडळ किती जागी एका माणसावर टेकलेलं होतं. मग एकेक खातं मंडळाच्या सामायिक ईमेलवर आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या नंबरांवर आणलं.

बँकेचं काम तोंडी होत नाही. सही करणारे बदलायचे तर कार्यकारिणीच्या बैठकीत तसा ठराव व्हावा लागतो. त्याच्या इतिवृत्ताची प्रत बँक मागते आणि बहुधा जुन्या-नव्या दोघांनाही शाखेत बोलावते. एकदा माणूस सांगलीला पोहोचला की हे काम महिनोन्‌महिने रेंगाळतं. म्हणून ते एप्रिलमध्येच उरकलं. दादांनी आपली सही काढून घेतली आणि शेवटच्या दोन महिन्यांतले चेक नव्या खजिनदारानंच लिहिले.

सरकारी बाजू थोडी समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक मंडळं अमेरिकेत करमुक्त सेवाभावी संस्था म्हणून नोंदलेली असतात. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर अशा संस्थेला कर खात्याकडे ९९०-एन नावाचं अगदी छोटं विवरण ऑनलाइन भरावं लागतं. जानेवारी ते डिसेंबर वर्ष धरणाऱ्या मंडळांसाठी त्याची मुदत १५ मे असते. दहा मिनिटांचं काम, म्हणूनच विसरलं जातं. सलग तीन वर्षं विसरलं तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो आणि पुन्हा मिळवताना अर्ज, फी आणि बराच काळ जातो. संस्थेसाठी जबाबदार म्हणून ज्या व्यक्तीचं नाव कर खात्याकडे आहे, ती बदलली तर ८८२२-बी हा फॉर्म साठ दिवसांत पाठवायचा असतो. शिवाय प्रत्येक राज्यात संस्थेचा एक ‘रजिस्टर्ड एजंट’ नोंदलेला असतो. सरकारी आणि कायदेशीर पत्रं त्याच्या पत्त्यावर येतात, आणि तो पत्ता त्याच राज्यातला असावा लागतो. आमच्याकडे तो दादांच्या घराचा होता. घर विकल्यावर ती पत्रं नव्या घरमालकाच्या पेटीत पडली असती आणि त्यानं ती फेकून दिली असती.

हे सगळं रुक्ष वाटेल. पण एखादं मंडळ बंद पडतं तेव्हा मराठी माणसांचा उत्साह आटला म्हणूनच पडतं असं नाही. पुष्कळदा कोणाकडे तरी राहिलेल्या एका किल्लीपायी ते अडकून पडलेलं असतं.

वहिनींची वही

वहिनींची गणपतीच्या जेवणाची एक वही होती, वर्षानुवर्षं भर पडत गेलेली. ती त्यांनी स्वच्छ अक्षरात नव्यानं लिहून काढली. अडीचशे पानांना मसालेभाताचे तांदूळ वीस पौंडी दोन पिशव्या; म्हणजे माणशी सत्तर ग्रॅमच्या आसपास, कारण पानात पुरी, वरण-भात आणि गोडही असतं. भात मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये भरताना दोन तृतीयांशच भरायचा, काठोकाठ भरला की वाफेनं खालचा थर गिचका होतो. वरण घरून निघताना वाटतं त्यापेक्षा पातळ ठेवायचं, हॉलवर पोहोचेपर्यंत ते आळतं. शाळेच्या स्वयंपाकघरात चूल पेटवायला परवानगी नाही, फक्त गरम ठेवता येतं. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालायचं नाही, वेगळ्या वाटीत ठेवून वर मोठ्या अक्षरात लिहायचं, कारण काही मुलांना शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असते.

उकडीच्या मोदकांचं पान सगळ्यात भरलेलं होतं. माणशी एक, म्हणजे अडीचशे मोदक, दहा घरांत पंचवीस-पंचवीस. पीठ मात्र सगळ्या घरांना एकाच ब्रँडचं, एकत्र विकत आणून वाटायचं. इंडियन स्टोअरमधल्या तांदळाच्या पिठांत प्रत्येकाला पाणी वेगळं लागतं. जो तो आपापलं पीठ वापरतो तेव्हा एका घरचे मोदक चिरतात आणि दुसऱ्या घरचे चिकट होतात. मोदक घरून वाफवून, ओल्या फडक्यात झाकून आणायचे आणि हॉलवरच्या मायक्रोवेव्हच्या वाटेला जायचं नाही, कारण त्यात पारी कोरडी पडते. पानाच्या तळाशी दहा घरांची नावं होती आणि प्रत्येकापुढे एक शब्द: ‘सुबक’, ‘वेळेवर’, ‘पुरण जास्त’, ‘मदत लागेल’. ही नोंद त्यांनी छापलेल्या प्रतीत ठेवली नाही, नव्या काकूंच्या कानात सांगितली. सगळं ज्ञान कागदावर द्यायचं नसतं, याचं भानही त्यांना होतं.

मराठी शाळेत त्या सहा ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवायच्या. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकारानं चालणाऱ्या मराठी शाळांना ठरलेला अभ्यासक्रम आहे आणि भारती विद्यापीठातर्फे परीक्षाही होते, त्यामुळे कुठवर शिकवलं हे सांगणं सोपं असतं. अवघड असतं ते मुलांबद्दल सांगणं. मार्चपासून वहिनी मागच्या बाकावर बसल्या आणि नव्या बाईंनी वर्ग घेतला. वहिनींनी प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहून दिल्या: हिला सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते, टोकू नका, तिला थोडा वेळ द्या. याचे बाबा तमीळ आहेत, घरी मराठी फक्त आईशी. ह्याची आजी दर उन्हाळ्यात येते, ती आली की तिला वर्गात गोष्ट सांगायला बोलवा. मुलांना बाई बदलल्याचं दुःख झालंच, पण त्यांचा रविवार तुटला नाही.

निरोपाचे शब्द

मेच्या शेवटच्या शनिवारी पॉटलक ठरलं. समारंभातलं बोलणं कसं असावं याबद्दल मला त्या दिवशी बरंच उमगलं. परत जाणाऱ्यांच्या भाषणात एक धोका असतो. आपला निर्णय समजावून सांगता सांगता माणूस नकळत दोन देशांची तुलना करू लागतो. ‘शेवटी आपली माती ती आपली माती’ असं तो म्हणतो आणि समोर बसलेल्या, तिथेच राहणार असलेल्या शंभर जणांना उगीच गुन्हेगार वाटतं. किंवा तो उलट बाजूनं बोलतो, ‘इथल्यासारखी शिस्त तिकडे कुठली’, आणि स्वतःच्या मुलांच्या मनात जाण्याआधीच भीती पेरतो. दुसरा धोका म्हणजे वचनं. दरवर्षी गणपतीला येऊ, असं भावनेच्या भरात म्हटलं जातं. तिकिटाचे दर आणि शाळेच्या सुट्ट्या पाहता ते होत नाही, आणि मग न आल्याचं ओझं दोन्हीकडे राहतं.

वहिनी आणि दादांनी मिळून लिहिलेलं भाषण एका पानाचं होतं. त्यांच्या परवानगीनं त्यातला भाग देतो.

“आम्ही या गावात आलो ते जानेवारीत, आणि आमच्याकडे बर्फातले बूटसुद्धा नव्हते. किराणा दुकानात आम्हाला मराठीत भांडताना ऐकून एका काकांनी शनिवारी जेवायला बोलावलं. त्यांना आमचं आडनावही माहीत नव्हतं. धाकट्याच्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही. तेव्हा सव्वा महिना आमच्या दारात तुमच्यापैकी कोणाचा ना कोणाचा डबा येत होता. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मेथीची भाजी. कोण कधी आणणार हे तुम्ही आपसात ठरवलं होतं, आम्हाला एकदाही विचारलं नाही. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग मी निश्चिंत आहे.

“आम्ही परत चाललोय, कारण बाबांना आता आम्ही जवळ असायला हवे आहोत. हा आमच्या घरापुरता निर्णय आहे. तुमच्यापैकी ज्यांनी इथे राहायचं ठरवलंय, त्यांच्यामुळेच आम्हाला इतकी वर्षं इथे घर मिळालं. मंडळानं आम्हाला दिलेलं आम्ही फेडू शकत नाही. जे काम आमच्याकडे होतं ते नीट लिहून दिलंय. ते आमच्यापेक्षा वेगळं करा, चांगलं करा. ‘वहिनी असं करायच्या’ असं म्हणून नव्या माणसाला अडवू नका, एवढंच मागणं आहे.”

मग मुलगी उठली. तिनं लिहून आणलं नव्हतं. ती म्हणाली, “मी ढोल इथे शिकले. सांगलीत मला कोणी विचारलं की कुठे शिकलीस, तर मी या गावाचं नाव सांगणार आहे. त्यांना खोटं वाटेल.” सभागृह हसलं आणि लगेच गप्प झालं. मुलांना त्या दिवशी बोलायची संधी द्यावीच. आईवडील जातात ते आपल्या घरी, मुलं जातात ती आपलं घर सोडून. त्यांना मंडळाचा निरोप त्यांच्या तोंडून घेऊ दिला नाही तर तो कधीच घेतला जात नाही.

मंडळाच्या बाजूनंही विचार केला होता. काचेच्या फ्रेमा आणि चांदीचे ताम्हण बॅगेत बसत नाहीत. माणशी साधारण तेवीस किलोच्या दोन बॅगांत संसार भरायचा असतो. म्हणून शाळेच्या मुलांनी एका सुती कापडावर आपापली नावं देवनागरीत लिहून दिली, काहींचे काना-मात्रे चुकलेले, ते तसेच ठेवलेले. बायकांनी वहिनींची ओटी भरली. निघताना सगळ्यांत ज्येष्ठ काकूंनी चौघांच्या हातावर दही घातलं.

घरातलं सामान त्यांनी समारंभापासून कटाक्षानं लांब ठेवलं. निरोप आणि मूव्हिंग सेल एकाच संदेशात आले की लोकांना कळत नाही भेटायला जायचंय की सोफा बघायला. त्यांनी पॉटलकच्या आधी आठवडाभर वेगळी यादी दिली. मिक्सर, वेट ग्राइंडर, राइस कुकर ही अमेरिकेतली १२० व्होल्टची उपकरणं भारतातल्या २३० व्होल्टवर चालत नाहीत, म्हणून ती नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना दिली. गाद्या आणि जाड कोटही त्यांनाच. कुंडीतला कढीपत्ता दर हिवाळ्यात घरात घेऊन जगवलेला होता. त्याच्या मुळाशी फुटलेली रोपं गेल्या काही वर्षांत पाच घरांत गेली होती, मूळ झाड सहाव्या घरी गेलं.

सप्टेंबरची परीक्षा

दादा विमानतळावर निघाले त्याच दिवशी कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून बाहेर पडले. गप्पांच्या मोठ्या गटात मात्र राहिले. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून कोणाला लागलं नाही. गटात राहिलेला जुना खजिनदार प्रत्येक प्रश्नाला आधी उत्तर देतो आणि नवा माणूस कायम सहायक राहतो. त्याऐवजी ठरलं ते असं, की गणपतीपर्यंत पंधरवड्यातून एक फोन. आमच्या शनिवारी रात्री नऊला, म्हणजे सांगलीत रविवारी सकाळी साडेसातला. त्याआधी काही अडलं तर लिहून ठेवायचं.

इतकं करूनही एक गोष्ट राहिलीच. मंडळाच्या संकेतस्थळाचं नाव दादांनी फार पूर्वी आपल्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवरून नोंदवलं होतं, आणि नूतनीकरणाची सूचना त्या बंद पडलेल्या ईमेलवर जात होती. यादीत ते खातं होतं, पण ईमेलचा रकाना रिकामा होता. जुलैत नव्या सचिवांनी तो रिकामा रकाना पाहून चौकशी केली तेव्हा मुदत संपून काही दिवस झाले होते. अशा नावांना मुदतीनंतर थोडी सवलत असते, त्यात ते वाचलं. यादी नसती तर रिकामा रकाना दिसलाच नसता.

पंधरवड्याचे फोन हळूहळू लहान होत गेले. गणेश चतुर्थीच्या आठवड्यात प्रश्न एकच होता, की वरणाची डाळ कितीला घ्यायची, कारण या वर्षी तीनशे माणसं होती. तो प्रश्न वहिनींना विचारायची गरजही नव्हती, वहीतल्या आकड्याला थोडं वाढवायचं होतं. नव्या काकूंनी तसं केलं, आणि फोन झाला तो फक्त एकमेकींशी बोलायला.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आम्ही एक नियम केला. प्रत्येक पदाधिकाऱ्यानं दर जानेवारीत आपल्याकडच्या वस्तू, खाती आणि कामं यांची यादी नव्यानं भरून द्यायची. कोणी जाणार असो वा नसो. दादांचे चार रकाने आणि वहिनींच्या वहीची मांडणी त्यासाठी जशीच्या तशी घेतली. त्यानंतर आणखी दोन घरं परत गेली, एक पुण्याला आणि एक नागपूरला. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मागे राहिलेल्यांनाही शांतपणे जेवता आलं, कारण किल्ल्या आधीच दुसऱ्या हातात होत्या. परत जाण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराला माझं एवढंच सांगणं आहे, की भाषण नंतर लिहा, यादी आज सुरू करा.